‘व्ह’ आणि ‘व’: ऐकू येते, पण वेगळे वाटत नाही

“आमच्या यवतमाळकडच्या शाळेतल्या मुलांना इंग्रजीतले ‘व्हाइन’ (वेल) आणि ‘वाइन’ (मद्य) एकच वाटतात, कान कच्चे आहेत का?”

कान पक्के आहेत. परभाषेतले ध्वनी कसे ऐकू येतात याच्या अभ्यासक कॅथरीन बेस्ट यांच्या प्रारूपानुसार श्रोता परका ध्वनी आपल्या भाषेतल्या सर्वांत जवळच्या ध्वनीत बसवून घेतो. पहिल्या शब्दात खालचा ओठ वरच्या दातांना लागून घर्षण होते, तर दुसऱ्यात दोन्ही ओठ गोल होतात; मराठी ‘व’मध्ये सहसा यांतले काहीच ठळक नसते, म्हणून दोन्ही ध्वनी त्याच एका खणात पडतात. लिपीचाही आधार नाही, कारण ‘व्हॅन’ आणि ‘व्हाइट’ यांचे सुरुवातीचे दोन वेगळे ध्वनी आपण सारखेच लिहितो. उलट ‘झू’ आणि ‘जू’ यांतला फरक मुले सहज ओळखतील, कारण ‘जहाज’ आणि ‘जेवण’ यांतले दोन ‘ज’ वऱ्हाडातही वेगळे आहेत.

तपासायचे असल्यास अर्थ विचारू नका; तीन वेगवेगळ्या आवाजांत तीन शब्द ऐकवा, त्यांतले दोन तेच आणि एक निराळा, आणि निराळा कोणता ते विचारा. एकाच आवाजात ऐकवले, तर मुले ध्वनीऐवजी त्या ध्वनिमुद्रणाची खूण लक्षात ठेवतात. तिघांतून एक निवडायचा असल्याने नुसत्या अंदाजानेही तिसरा हिस्सा उत्तरे बरोबर येतील. निकाल त्याच्या आसपास घुटमळला, तर दोन्ही ध्वनी खरोखरच एका खणात आहेत.