मदत हवी आहे: नमस्कार होतो, नाव कळतं आणि दुसऱ्या मिनिटाला डोक्यातून जातं

गणपतीपेठ_रोज
सांगलीत नवीन काम सुरू करून आठ दिवस झाले. रोज नवी माणसं भेटतात, नावं सांगतात, आणि पायरी उतरेपर्यंत मी ती विसरलेलो असतो. दुसऱ्या दिवशी "नमस्कार, हे... आपलं..." असं होतं. काल एकजण तोंडावर म्हणाले, "नाव विसरला काय?" फार लाज वाटली. उद्यापासून फरक पडेल असं काहीतरी सांगा, लगेच.

विट्याची_सून
माझंही लग्न झाल्यावर असंच झालं. सासरी चार चुलत दीर, चार जावा, त्यांची पोरं. मी सगळ्यांना दादा, वहिनी म्हणून वर्ष काढलं. तुम्हीपण दादा म्हणा की, कोण रागावतंय?

हळदवाला
सोपं आहे. नाव कळलं की बोलताना चार-पाच वेळा घ्यायचं. "काय म्हणताय पाटील, बरोबर आहे पाटील, येतो पाटील." मी मार्केट यार्डात वीस वर्षं हेच करतोय.

कृष्णाकाठ
आधी हे सांगा, काम कसलं? माणसं एकेकटी भेटतात की घोळक्यात? तुमच्यापेक्षा मोठी आहेत का? नाव नीट ऐकू येतं आणि मग जातं, की ऐकूच येत नाही? या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

सातारी_आजोबा
रात्री सात बदाम भिजत घालायचे. सकाळी साल काढून खायचे. आमच्या घरी तीन पिढ्या हेच चाललंय.

गणपतीपेठ_रोज
पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो. जुने एजंट सोडून चाललेत, ते मला घेऊन दुकानं फिरवतायत. एका फेरीत बारा-पंधरा दुकानं. बहुतेक शेठ माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, त्यामुळे हळदवाला म्हणतात तसं "काय पाटील" मला जमणार नाही. मशीनवर नाव दिसतं, पण खाते नंबर टाकल्यावर. तोवर नमस्कार होऊन गेलेला असतो.

कृष्णाकाठ
हे आधी सांगितलं असतं तर बदाम वाचले असते. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. जुने एजंट "हे अमुक शेठ" म्हणतात त्या क्षणी तुमच्या मनात काय चालू असतं?

गणपतीपेठ_रोज
आता मी काय बोलायचं हेच. "मी उद्यापासून येणार, वेळ कोणती सोयीची?" हे वाक्य जुळवत असतो.

कृष्णाकाठ
मग तुम्ही नाव विसरत नाही, ते आत जातच नाही. १९७३ मध्ये ब्रेनर नावाच्या संशोधकाने माणसं गोलाकार बसवून एकेकाला मोठ्याने शब्द वाचायला लावले होते. स्वतःची पाळी यायच्या अगदी आधी वाचले गेलेले शब्द लोकांना सर्वांत कमी आठवले. तुमची तर दर दुकानात पाळी येते. म्हणून तुमचं वाक्य रस्त्यातच ठरवून टाका, सगळीकडे तेच एक. दुकानात शिरताना डोकं रिकामं पाहिजे.

दुसरी गोष्ट नावाचीच. १९८७ मध्ये असा प्रयोग झाला की एकच शब्द एकदा चेहऱ्याचा धंदा म्हणून सांगितला आणि एकदा आडनाव म्हणून. धंदा लोकांच्या जास्त लक्षात राहिला. आपल्याकडे "हे सुतारकाम करतात" म्हटलं की रंधा दिसतो, लाकडाचा भुसा दिसतो. "हे सुतार" म्हटलं की काहीच दिसत नाही. त्या नावाला काहीतरी चिकटवावं लागतं. त्यासाठी आपल्याकडचा जुना प्रश्न आहेच: "कुठले सुतार?"

हळदवाला
प्रयोग गोऱ्यांचे, माणसं सांगलीची. नाव घेतल्याशिवाय तोंडात बसत नाही.

मिरज_एमआर
हळदवाला, अर्धं बरोबर आहे. नाव घ्यायलाच पाहिजे, पण दर वाक्याला घेतलं तर माणूस सावध होतो, हा आता काहीतरी गळ्यात मारणार म्हणून. मिरजेत डॉक्टरांकडे फिरताना हे शिकलो. मी तीनदाच घेतो. एकदा ऐकल्याबरोबर, एकदा मध्ये काही विचारताना, एकदा निघताना.

गणपतीपेठ_रोज
पण मोठ्या माणसांचं नाव घ्यायचं कसं? वाक्यात कुठं बसवायचं? मला तेच जमत नाही.

कृष्णाकाठ
एक दुकान घेऊ. आडनाव सुतार, दुकान कापडाचं.

जुने एजंट म्हणाले, "हे सुतार शेठ." तुम्ही हात जोडून म्हणा, "नमस्कार सुतारकाका. कुठले सुतार म्हणायचे?" ते म्हणतील, "कवलापूरचे." झालं, आता तुमच्याकडे माणूस आला: कवलापूरचे सुतार, लाकूड सोडून कापड मोजणारे. डोळ्यांसमोर त्यांच्या हातात रंध्याऐवजी मीटरपट्टी आणा. मग ठरलेलं वाक्य, नाव प्रश्नाच्या सुरुवातीला: "सुतारकाका, साडेदहाला आलो तर चालेल का?" तिथे नाव ओढून आणल्यासारखं वाटत नाही, कारण प्रश्न विचारताना आपण हाक मारतोच. निघताना नाव त्यांना उद्देशून नको, गल्ल्यावरच्या पोराला सांगा: "सुतारकाकांची पावती इथं ठेवलीय." मोठ्या माणसाचं नाव असं तिसऱ्याजवळ घेतलं की मानही राहतो. शिवाय सुतारकाकांची, सुतारकाकांना असं वेगवेगळ्या रूपांत तोंडातून गेलं की जीभ रुळते.

खरं काम पायरी उतरल्यावर. पुढच्या दुकानाच्या दारात मागचं नाव आठवा. गल्लीच्या टोकाला थांबून गल्लीतली सगळी आठवा. रात्री वही उघडायच्या आधी पुन्हा एकदा. दर वेळी अंतर वाढवत न्यायचं. नाही आठवलं तर चाचपडत बसू नका, बघा आणि परत म्हणा.

मिरज_एमआर
सर, एवढं कशाला? बाहेर पडलं की खिशातल्या डायरीत लिहायचं. नाव, गाव, चष्मा आहे की नाही.

कृष्णाकाठ
लिहा, पण आठवून लिहा. ऐकता ऐकता लिहिलं तर नाव डायरीत राहतं. दोन दुकानं झाल्यावर लिहिलं तर डोक्यातून काढावं लागतं, आणि ते काढणंच उपयोगी पडतं.

मिरज_एमआर
दोन दुकानांनी विसरलो तर? मला नाही पटत. मी लगेच लिहितो आणि माझं चाललंय.

विट्याची_सून
आणि ज्यांची नावं आधीच विसरलीत त्यांचं काय? आता विचारायचं म्हणजे...

मिरज_एमआर
त्याच भेटीत विचारलं तर कुणाला काही वाटत नाही. "माफ करा, गाडीच्या आवाजात नाव नीट कळलं नाही." महिन्यानं विचारलं की वाटतं. आठ दिवसच झालेत, यांनी सरळ म्हणावं, "शेठ, पासबुकावर नाव बरोबर आलंय का बघतो, पूर्ण नाव सांगता?" आणि खरंच पासबुकाशी ताडून बघा, नुसता बहाणा नको.

सातारी_आजोबा
पिग्मीला हल्ली व्याज किती देतात? आमच्याकडे पूर्वी बरं मिळायचं.

गणपतीपेठ_रोज
तीन दिवसांनी लिहितोय. वाक्य आधी ठरवलं हा सगळ्यात मोठा फरक पडला, पहिल्यांदा समोरच्याचं तोंड नीट बघितलं. बारापैकी नऊ नावं सकाळी न बघता आली. ज्यांनी "विसरला काय" विचारलं होतं त्यांना दारातनंच नावानं नमस्कार केला, त्यांनी खुर्ची पुढं केली.

अडलोय ते पाटलांवर. माझ्या लाइनीत पाच पाटील आहेत. गाव विचारलं तर दोघे बुधगावचे, दोघांची दुकानं समोरासमोर, आणि दोघांनाही सगळे आबा म्हणतात. एकाचं नाव दुसऱ्याला चिकटतंच.

हळदवाला
आमच्या यार्डात पाटलांना मालावरनं ओळखतात. गूळवाले पाटील, मिरचीवाले पाटील.

गणपतीपेठ_रोज
दोघांचंही किराणा आहे.

कृष्णाकाठ
मग आडनाव सोडा, पहिली नावं धरा. दोघांची पहिली नावं काय आहेत?

गणपतीपेठ_रोज
ती मशीनवर नुसती आद्याक्षरं आहेत. उद्या पासबुकं बघून सांगतो.