मदत हवी आहे: एक्झिट तिकिटात उत्तरं बरोबर, तरी उद्या कोणाला पुन्हा शिकवायचं ते कळत नाही

गणित_सहावी (नागपूर)
नमस्कार. मराठी माध्यम, सहावी, पट ४८, तास ३५ मिनिटांचा. दशांश अपूर्णांकांची तुलना शिकवून झाल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत चिठ्ठी दिली. प्रश्न असे: ०.६ मोठा की ०.४५? ०.८ मोठा की ०.३७? ०.९ मोठा की ०.१२५? बहुतेकांचे तिन्ही बरोबर आले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ०.३ आणि ०.५२ लिहिले, तर त्यातल्याच काहींनी ०.३ मोठा सांगितला. चिठ्ठीत काय बदलू?

धंतोलीकर
मॅडम, तुमच्या तिन्ही प्रश्नांत कमी अंकांची संख्याच मोठी आहे. तुलनेत मुलं दोन उलट्या दिशांनी चुकतात. काहींना जास्त अंक म्हणजे मोठी संख्या वाटते. आपण "शून्य पॉइंट पंचेचाळीस" असं वाचतो, म्हणून पंचेचाळीस सहापेक्षा मोठे हे त्यांना पटलेलं असतं. दुसऱ्या गटाला शतांश दशांशापेक्षा लहान हे कळलेलं असतं, पण त्यावरून ते शतांशातली प्रत्येक संख्या लहान ठरवतात. हा दुसरा गट तुमच्या चिठ्ठीत पैकीच्या पैकी मिळवतो.

एकच प्रश्न असा ठेवा: सर्वात मोठी संख्या कोणती, ०.४, ०.६२ की ०.३८५? पहिला गट ०.३८५ ला गोल करेल, दुसरा ०.४ ला, आणि समजलेली मुलं ०.६२ ला. म्हणजे चुकीचं उत्तरसुद्धा कारण सांगतं. तीनच पर्याय असल्यामुळे अंदाजानेही बरोबर येऊ शकतं, म्हणून त्याच घडणीचा दुसरा प्रश्न द्या: ०.२४९, ०.३, ०.५७. पर्यायांचा क्रम मात्र बदला. खाली एक ओळ मोकळी सोडा: "कसं ठरवलं?"

काटोलरोड_सर
एवढं कशाला? दोन्हीकडे शून्य लावून अंक सारखे करायला शिकवा. ०.३०० आणि ०.२४९ लिहिलं की चूकच होत नाही.

धंतोलीकर
सर, पद्धत बरोबर आहे आणि उत्तरही येतं. पण शून्य का लावता येतो हे न कळता लावलेला शून्य चिठ्ठीत समजुतीसारखाच दिसतो. त्याच मुलाला ०.४ आणि ०.५ मधली एखादी संख्या विचारली, की तो अडू शकतो. आधी शंभर चौकटींच्या कागदावर ०.४ म्हणजे चार पूर्ण पट्ट्या, म्हणजेच ४० चौकटी, हे रंगवू द्या. मग शून्य लावा.

बर्डी_शिक्षिका
याचे गुण आकारिक मूल्यमापनात कसे धरायचे? दोन प्रश्न म्हणजे दोन गुण का?

धंतोलीकर
ताई, गुण देऊच नका. गुण आहेत म्हटलं की मुलं शेजारच्याच्या चिठ्ठीत बघतात, आणि मग उत्तरांवरून लावलेले चिठ्ठ्यांचे ढीग खोटे पडतात. हजेरी क्रमांक पुरे.

गणित_सहावी (नागपूर)
आज दिली. वहीच्या पानाचा चौथा भाग, प्रश्न फळ्यावर, वेळ चार मिनिटं. सुट्टीत चिठ्ठ्या वाचत न बसता गोल केलेल्या उत्तरांवरून ढीग केले. दोन्ही बरोबर २९. दोन्हीकडे सर्वात लांब संख्या ११. दोन्हीकडे सर्वात आखूड ४. एक असं, एक तसं ४. आता ११ जणांसाठी सगळ्या वर्गाला थांबवू का?

धंतोलीकर
नको. अर्धा वर्ग एकाच ढिगात असता तर सगळ्यांना पुन्हा शिकवलं असतं. उद्या पहिली बारा-पंधरा मिनिटं २९ जणांना ०.४ आणि ०.५ यांच्या मधल्या पाच संख्या शोधायला द्या. तेवढ्यात ११ जणांना चौकटींच्या कागदावर ०.४ आणि ०.३८५ शेजारी दाखवा. ३८ चौकटी पूर्ण, पुढची अर्धी. चाळीस भरत नाहीत, हे त्यांना दिसतं. त्या चौघांचं काम वेगळं. शतांश लहान हे त्यांचं बरोबर आहे, म्हणून ते खोडू नका. "तुकडा लहान, पण तुकडे किती?" एवढंच विचारा आणि ०.६२ च्या चौकटी मोजू द्या. मिश्र उत्तरं देणाऱ्या चौघांना गटात बसवायच्या आधी त्यांची "कसं ठरवलं?" ही ओळ वाचा. तिथे घाईत गोल केलेलाही सापडेल.

शेवटी तोच प्रश्न नव्या संख्यांनी द्या, फक्त या १९ जणांना. जुन्या संख्या दिल्या तर उत्तर पाठ झालेलं असतं.

काटोलरोड_सर
मग शून्यवाला मुद्दा मागे घेतो, निदान पहिल्या दिवसापुरता. पण एक राहिलंच. आमच्याकडची पोरं रुपये-पैशांवरून विचार करतात. ०.४ म्हणजे ४० पैसे, ०.३८५ म्हणजे ३८ पैसे आणि काहीतरी. त्यांचं उत्तर बरोबर येतं, पण ०.४६ आणि ०.४६३ त्यांना सारखेच वाटतात.

धंतोलीकर
हो, ही मुलं या चिठ्ठीतून सुटतात. "०.४६ मोठा, ०.४६३ मोठा, की दोन्ही समान?" असा तिसरा प्रश्न घातला तर सापडतात. मात्र त्या प्रश्नात लांब संख्येवर जाणाऱ्यांचंही बरोबर येतं, म्हणून तो एकटा वाचायचा नाही. तीन प्रश्न चार मिनिटांत होतील का, आणि सुट्टीत ढीग लावता येतील का, याची मला खात्री नाही.

गणित_सहावी (नागपूर)
सकाळची शाळा सुरू झाली की तास आणखी लहान होतो. तिसरा प्रश्न वेगळ्या दिवशी घेते आणि ढीग इथे टाकते.