'समतोल साधणे', 'तोलणे' की 'जोखणे'? निबंध तपासताना अडलेला शब्द

खानापूरची_मास्तरीण:
आमच्याकडच्या एका वाचनालयानं कॉलेजच्या पोरांसाठी मराठी निबंधस्पर्धा ठेवली. विषय वैद्यकीय नीतीचा. प्रसंग असा दिला होता: ६४ वर्षांची बाई, स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. औषधानं काही महिने वाढतील, बरा होणार नाही. दोघे मुलगे डॉक्टरला म्हणतात, आईला सांगू नका, धक्क्यानंच जाईल. आणि बाई स्वतः डॉक्टरला विचारते, "खरं सांगा, मला शेताचे वाटे करायचेत, किती दिवस आहेत?" डॉक्टरनं काय करावं?

गुणांची यादी इंग्रजीतून आली होती, तिचं मराठी मी केलं. प्रसंग समजणे ३, तत्त्वे लावणे ७, "परस्परविरोधी मूल्यांचा समतोल साधणे" ७, निष्कर्ष ३. आता घोळ बघा. एका निबंधाला मी २० पैकी १७ दिले, दुसऱ्या परीक्षकांनी ९. सगळ्यात मोठा फरक समतोलाच्या रकान्यात. मी ६, त्यांनी १. फोन केला तर म्हणतात, "समतोल कुठाय? पोरगी शेवटी आईच्या बाजूनं गेली की." मूळ इंग्रजी शब्द 'वजन करणे' या अर्थाचा होता. माझा शब्द चुकला का?

रविवारपेठ:
चुकला की हो. समतोल म्हणजे दोन्ही पारडी एका रेषेत. तोलायला बसलेला माणूस पारडं कुठं झुकतंय ते बघायला बसतो. आमच्या दुकानात पारडी सारखी आली की माल संपला, पैसे घ्या. पण तुमच्या निबंधात एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला पोरं. तिथं झुकलं तर काय बिघडलं?

शुद्धमराठी:
'तोलणे' हा शब्द परीक्षेच्या कागदावर फार घरगुती वाटतो. 'तोलूनमापून बोलणे' म्हणजे तर हातचं राखून बोलणे. मुलांना तेच करायला सांगायचंय का? 'मूल्यतुलन' असा नेमका शब्द घडवावा.

रविवारपेठ:
मूल्यतुलन म्हटलं की पोरं भाव विचारतील.

निपाणीचे_सर:
तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालो, म्हणून जरा लांबण लावतो. बीचम आणि चिल्ड्रेस या दोघांनी १९७९ साली वैद्यकीय नीतीची चार तत्त्वं मांडली: रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, त्याचं अहित न करणं आणि न्याय. या चौघांत आधीपासून कुणी थोरला नाही. प्रत्येक प्रसंगात कोण जड ते तिथंच ठरवायचं. म्हणून 'समतोल' हा शब्द इथं घातक आहे. तो वाचून मुलगा काय लिहितो ते मला पाठ आहे: "आईचा हक्क महत्त्वाचा, मुलांची भावनाही महत्त्वाची, म्हणून डॉक्टरांनी सुवर्णमध्य काढून थोडे सांगावे, थोडे लपवावे." पण यात तोललेलं काहीच नाही. बाई विचारतेय वाट्यांचं. थोडं लपवून तिचे वाटे कसे होणार?

मास्तरीणबाई, त्या मुलीनं आईच्या बाजूला जाण्याआधी काय लिहिलंय ते जरा सांगाल का? त्यावर सगळं आहे.

खानापूरची_मास्तरीण:
सांगते. निम्म्याहून जास्त निबंध मुलांच्या बाजूनं आहे. धाकटा रात्री आईच्या खाटेशेजारी झोपतो वगैरे. मग ती म्हणते, मुलांच्या बोलण्यात दोन गोष्टी मिसळल्यात. 'आईला दुःख होऊ नये' ही इच्छा आहे, तिला मान द्यायचा. 'धक्क्यानं जाईल' हा मात्र अंदाज आहे, तो खरा की खोटा हे तपासता येतं. बाईला पूर्वी कधी मोठा धक्का बसला तेव्हा ती कशी वागली, हे मुलांनाच विचारावं. पुढं लिहिते, स्वायत्ततेत 'मला सांगू नका' म्हणायचा हक्कही येतो, म्हणून डॉक्टरनं आधी विचारावं, "सगळं सांगू, की मुलांशी बोलू?" पण इथं बाईनं स्वतःहून कारणासकट विचारलंय, म्हणजे उत्तर मिळालंच. म्हणून सांगावं. आणि शेवटी, मुलांना आधी कल्पना द्यावी, सांगताना त्यांना जवळ बसवावं. न्यायाबद्दल एवढंच, की या प्रसंगात तो फारसा लागत नाही.

दुसरे परीक्षक म्हणाले, चारपैकी तीनच तत्त्वं, म्हणून तत्त्वांतही दोन गुण कापले.

निपाणीचे_सर:
मी तिथंच दोन वाढवले असते. न्याय म्हणजे मुख्यतः कुणाला काय आणि किती मिळावं, खाटा किती, औषध कुणाला आधी. ते इथं ओढून आणणारी पोरं "आई आणि मुले यांना समान न्याय द्यावा" असं लिहितात, म्हणजे शब्द लावला, तत्त्व नाही लावलं. तत्त्व लावलंय की नुसतं पाठ म्हटलंय हे ओळखायला मी एक करायचो. निबंधातलं तत्त्वाचं वाक्य उचलून दुसऱ्याच प्रसंगात ठेवून बघायचो. तिथंही जसंच्या तसं बसलं तर गुण नाही. "स्वायत्तता जपली पाहिजे" कुठंही बसतं. "बाईनं वाट्यांसाठी विचारलंय, म्हणजे उत्तर मिळालंच" हे दुसरीकडं बसत नाही.

आणि तोलण्याच्या रकान्यात चार गोष्टी शोधायचो. हरलेली बाजू तिच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडलीय का. एक बाजू जड का, याचं कारण प्रसंगातून दिलंय का. हरलेल्या बाजूला कमीत कमी दुखावणारी वाट शोधलीय का. आणि हरल्यावरही तिचं काही देणं उरतं, ते फेडलंय का. तुमच्या मुलीनं चारही केलंय. मुलांना जवळ बसवणं हेच ते देणं.

वकील_चिकोडी:
मुळात पेचच नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या समीरा कोहली खटल्यात निकाल दिलाय. बाई भुलीखाली असताना डॉक्टरनं तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं, न्यायालय म्हणालं, सज्ञान बाईची संमती तिचीच. नातेवाइकाची चालत नाही. म्हणजे कायद्यानं सांगायलाच पाहिजे. 'सांगू नये' असं लिहिणाऱ्याला शून्य द्या.

निपाणीचे_सर:
वकीलसाहेब, खटला बरोबर, शून्य चूक. तो निकाल उपचाराच्या संमतीचा आहे. उपचार नको म्हणणाऱ्या, किंवा काही ऐकायचंच नाही म्हणणाऱ्या रुग्णाचं काय, ते त्यात सुटत नाही. शिवाय डॉक्टरांची २००२ ची आचारसंहिता काढा. तिथं म्हटलंय, आजाराचं गांभीर्य वाढवून सांगू नये, कमीही करू नये, आणि रुग्ण, नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना हिताचं तेवढं ज्ञान आहे याची खात्री करावी. त्यातल्या 'किंवा'वर एक आख्खी शब्दचर्चा होईल. मी 'सांगू नये' लिहिणाऱ्या एका मुलाला १६ दिले होते. कारण त्यानं बाईला आधी विचारायला लावलं, आणि ती "पोरांनाच सांगा" म्हणाली असं धरून पुढं तोललं.

वकील_चिकोडी:
पण प्रसंगात ती तसं म्हणतच नाही. म्हणजे त्यानं प्रसंगच बदलला. मग १६ कसे?

निपाणीचे_सर:
माझ्या वेळच्या प्रसंगात बाई काहीच विचारत नव्हती. तुमचा मुद्दा इथं मात्र लागू आहे, मान्य.

हुक्केरीची_सून:
मला शब्दांचं कळत नाही. आमच्या सासऱ्यांना आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. पोटात गाठ आहे, औषधानं विरघळेल, म्हणालो. ते गेल्यावर उशीखाली चिठ्ठी सापडली, कुणाकडनं किती येणं आहे त्याची. म्हणजे त्यांना कळलं होतं. आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो, ते आमच्यापासून. तुमच्या निबंधातल्या डॉक्टरनं सांगावंच.

खानापूरची_मास्तरीण:
वहिनी, वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. पण मला निबंधाचे गुण द्यायचेत, डॉक्टरनं काय करावं ते ठरवायचं नाही.

हुक्केरीची_सून:
होय की, पण तुम्ही मनात ठरवल्याशिवाय गुण देताय का? त्या दुसऱ्या परीक्षकांनी कुणापासून तरी असंच लपवलं असेल तर?

रविवारपेठ:
वहिनींनी बरोबर जागी बोट ठेवलं. याला आमच्यात पासंग म्हणतात. रिकाम्या तागडीचं एक पारडं आधीच खाली असतं. त्याला दुसरीकडं खडा बांधून सारखं करायचं, मग माल घालायचा. आमचे आजोबा तेलाच्या भांड्याचा आधी धडा करायचे, नाहीतर भांड्याचं वजन तेलात जातं. सारखं कधी असायला पाहिजे? माल घालायच्या आधी. नंतर झुकू दे की. तुमच्या त्या 'समतोल'ची जागा तिथं आहे.

शुद्धमराठी:
'धडा' म्हणजे शाळेतला पाठ, हे मुलांना कसं कळणार? आणि 'पासंग' तर फारसी.

रविवारपेठ:
फारसी असू दे. "तुझ्या पासंगालाही पुरणार नाही" असं तुम्ही घरी म्हणता ते संस्कृत आहे काय?

निपाणीचे_सर:
शुद्धमराठींना एक शुद्ध शब्द देतो: तारतम्य. 'तर' आणि 'तम' या दोन प्रत्ययांपासून आलाय. लघुतर, लघुतम. म्हणजे कमी-जास्त ओळखणं. रकान्यात "मूल्यांमधील तारतम्य कारणांसह दाखवणे" असं घाला.

शुद्धमराठी:
उत्तम. हाच घ्यावा.

रविवारपेठ:
तारतम्य म्हटलं की पोरांना आई आठवते. "काही तारतम्य आहे का तुला?" म्हणून ओरडणारी.

वकील_चिकोडी:
'जोखणे' घ्या. त्यात जोखीमही आली. जोखीम शब्द जोखण्यावरूनच आलाय.

निपाणीचे_सर:
ते तुमचं मत. नुसते दोन शब्द सारखे दिसतात म्हणून नातं जोडू नका.

वकील_चिकोडी:
मग 'तागडी' कुठनं आली सांगा. कन्नडात 'तक्कडी' म्हणतात. आपण त्यांच्याकडनंच घेतली.

शुद्धमराठी:
उलट. त्यांनी आपल्याकडून घेतली.

हुक्केरीची_सून:
माझ्या माहेरी कन्नडात वजनाला तूक म्हणतात, तूगु म्हणजे तोलणं. पाळणा झुलवण्यालाही तूगु. एकाच शब्दात दोन्ही. तागडीचं मात्र माहीत नाही. सासूबाई ताकडी म्हणायच्या.

वकील_चिकोडी:
ताकडी! बघा, 'क' आला. कन्नडच.

शुद्धमराठी:
'क'चा 'ग' होतो तसा 'ग'चा 'क'ही होतो. पुरावा द्या.

खानापूरची_मास्तरीण:
रविवारी निकाल लावायचाय. दुसऱ्या परीक्षकांना सरांचे चार मुद्दे पाठवले. ते म्हणाले, यादी छापून झाली, आता शब्द बदलला तर बाकीच्या एकतीस निबंधांचं काय? ते सगळे 'समतोल' वाचून लिहिलेत. यावर माझ्याकडं उत्तर नाही. सगळे परत तपासायचे म्हटलं तर रात्र पुरणार नाही, आणि मुलांनी छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवून लिहिलं हेही खरंच.

रविवारपेठ:
सरासरी काढा, १३.

निपाणीचे_सर:
सरासरी म्हणजे परत समतोलच की हो. त्या रकान्यापुरतं तिसऱ्याकडं द्या. एकतीसही, फक्त तेवढाच रकाना. मी वाचतो, पाठवा.

वकील_चिकोडी:
सर, तुम्ही तर आधीच मत दिलंय इथं. तुमचा पासंग?

शुद्धमराठी:
'पासंग'ऐवजी कृपया 'प्रतिभार' म्हणावे.