ओपन बुक पेपर कसा काढायचा? (भूगोल, बीए दुसरं वर्ष) मदत हवी आहे

भोगावतीकाठ: कोल्हापुरात कॉलेजला भूगोल शिकवते. यंदा 20 मार्कांची अंतर्गत परीक्षा ओपन बुक घ्यायचं ठरलंय, एक तास, पुस्तक वही दोन्ही चालेल. आता "पंचगंगेला पूर येण्याची कारणे लिहा" असं विचारलं तर पोरं धडा उघडून जसाच्या तसा उतरवणार, मग मी तपासू काय? डोकं चाललंय का ते कळायला हवं.

रंकाळा_४१६: सोपंय मॅडम, पेपर लांबलचक काढा, पानं उलटायला वेळच मिळाला नाही पाहिजे.

जुना मास्तर: पानं शोधण्यात वेळ जातो हे खरं, पण तसं केलं तर ज्याचा हात भरभर चालतो तोच पुढं जाईल. उलट दोनच प्रश्न ठेवा आणि पुस्तकात नसलेली माहिती प्रश्नातच द्या. तुमचाच प्रश्न बघा, असा काल्पनिक तक्ता द्यायचा: राजाराम बंधाऱ्याची पातळी सकाळी 6 ला 36 फूट, दुपारी 12 ला 37, संध्याकाळी 6 ला साडेसदतीस. शहरात पाऊस थांबलाय, राधानगरीच्या पाणलोटात मुसळधार आहे, धरणाचे स्वयंचलित दरवाजे संध्याकाळी 5 ला उघडलेत. इशारा पातळी 39, धोका 43. नदीकाठची वस्ती आज रात्रीच हलवायची की सकाळपर्यंत थांबायचं?

वरवर बघणारा लिहिणार, पाऊस थांबला, वाढही मंदावली, थांबूया. समजलेला लिहिणार की धरणाचं पाणी बंधाऱ्यापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणजे संध्याकाळच्या आकड्यात ते अजून आलेलंच नाही. 10 पैकी निर्णयाला 1च मार्क द्या कारण दोन्ही बाजू मांडता येतात, तक्त्यातले आकडे वापरल्याला 4, धरणाच्या पाण्याचा विचार केला तर 3, आणि "अजून कोणती एक माहिती मिळाली तर निर्णय बदलाल, कसा" याला 2.

छापायच्या आधी दुसऱ्या विषयाच्या सरांना पुस्तक देऊन सोडवायला सांगा. नुसतं पान शोधून त्यांना मार्क मिळाले तर प्रश्न बदला.

स्वातीची_आई: आमच्या मुलीला असाच पेपर घरी दिला होता, सगळ्या व्हॉट्सअॅपवर एकमेकींचं बघून लिहीत होत्या. यानं काय साधणार?

भोगावतीकाठ: ताई, हा वर्गातच आहे, पण शेजारी बघायचा प्रश्न राहतोच. दोन संच काढते, दुसऱ्यात शहरात पाऊस चालू आणि धरणाचे दरवाजे बंद, म्हणजे बघून लिहिलेलं लगेच कळेल. सर, कुणी अलमट्टीच्या फुगवट्यावर पानभर लिहिलं तर? आणि तपासणारे आम्ही दोघं आहोत.

जुना मास्तर: तक्त्यात अलमट्टी नाही, त्यामुळं नुसत्या उल्लेखाला काही नाही. पण "अजून एक माहिती" मध्ये तिथली पातळी मागितली आणि त्यानं निर्णय कसा बदलेल ते लिहिलं तर पूर्ण 2 द्या. दोघांनी आधी तेच पाच पेपर वेगवेगळे तपासा, मार्कांत फरक आला तिथं बोलून घ्या, मगच बाकीचे वाटून घ्या.

भोगावतीकाठ: हे करते. एक अडतंय अजून, काही पोरांना तक्ता बरोबर कळतो, तोंडी विचारलं की नीट सांगतात पण चार वाक्यं सलग लिहिता येत नाहीत. त्यांना बाण काढून, आकृतीतून उत्तर द्यायला परवानगी द्यावी का? दिली तर मार्क कसे द्यायचे? कुणी केलंय का असं?