चिन्नूच्या वाढदिवसाची चिठ्ठी

रोहनची मम्मी, सी-२०२: चिन्नूच्या मम्मी, राग मानू नका. काल कार्यक्रम छान झाला, पोरं खूश. पण रोहनच्या रिटर्न गिफ्टच्या पिशवीत इंग्लिश चिठ्ठी निघाली, "तू दिलेल्या सुंदर भेटवस्तूबद्दल आभार". तुमच्याच निमंत्रणात "कृपया भेटवस्तू आणू नये" होतं, म्हणून आम्ही रिकाम्या हातानं पाठवलं. आता पोरगं सकाळपासून विचारायलंय, "मम्मी, मी काय दिलो?"

चिन्नूची मम्मी, ए-३०४: अय्यो! सॉरी हो. खडेबाजारात आठ दिवस आधीच २५ छापून घेतल्या होत्या, मजकूर सगळ्यांना एकच.

नाईक काका: पिशवीला स्टेपलर का मारला? नातीच्या बोटाला पिन लागली. चिठ्ठी रिबिनीत अडकवायची.

बी-१०१ वैनी: "आणू नये" म्हटलं तरी १२ जणांनी आणलंच की. मग न आणणारे उघडे पडतात.

रोहनची मम्मी: मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

बी-१०१ वैनी: मीही नाही घेतलं. 🙏

सुमाक्का, डी-४०२: भांडू नका गं. मी बालवाडीत १९ वर्षं काढली, सांगते. पिशवी पोराच्या हातात पडते तेव्हा भेटी अजून उघडलेल्याच नसतात. कुणी काय दिलं हेच ठाऊक नाही, मग आभार कशाचे मानणार? म्हणून पिशवीतल्या चिठ्ठीत फक्त आल्याबद्दल लिहायचं. भेटीचं आभार दुसऱ्या खेपेला, कागद फाडल्यावर. फाडताना एकानं वहीत लिहीत बसायचं, कुणाचं काय. नाहीतर सगळे कागद एकत्र होतात आणि रंगपेटी कुणाची, कोडं कुणाचं, कळत नाही.

सेक्रेटरी अण्णा: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामासाठी वापरा. पाणी उद्या ६ ते ८.

कुलकर्णी आजोबा: राकसकोप धरणाचं पाणी येईल तेव्हा तुम्हालाही आभाराची चिठ्ठी पाठवू. 😄

नाईक काका: स्टेपलर नको. रिबीन.

ई-२०३ अंकल: आणि चिठ्ठी इंग्लिशमध्ये का, मराठीत का नाही? पहिलीतल्या पोरांना वाचता तरी येती का?

हिरेमठ अक्का: आमच्या घरी मराठी वाचत नाहीत, कन्नडमध्येही पाहिजे होती की री.

कुलकर्णी आजोबा: "धन्यवाद" दोन्हीकडं चालतंय. लिपी तेवढी बदला.

ई-२०३ अंकल: आजोबा, हा विषय मस्करीचा नाही.

सुमाक्का: अंकल, ते नंतर. चिन्नूच्या मम्मी, अजून एक. माझ्या नातवाच्या चिठ्ठीला तूप लागलंय, अक्षर पसरलंय. पिशवीतली कुंदा मिठाईची डबी आडवी ठेवली होती का?

चिन्नूची मम्मी: आडवी बसवली. 😔 झाकण घट्ट होतं, पण गर्दीत पिशव्या एकावर एक पडल्या. नावं मी रात्री जेल पेननं लिहिली, तीच गेली सगळी.

सुमाक्का: कुंद्याचं तूप खालच्या कागदाला लागतंच. डबी वेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून तळाशी सरळ उभी, चिठ्ठी वरून. आणि नाव पेन्सिलीनं. तुपानं शिसं फुटत नाही. आता दुरुस्ती सोपी आहे. चिन्नूकडूनच लिहून घे.

चिन्नूची मम्मी: सहा वर्षांचा पोर २५ चिठ्ठ्या लिहिणार? दोन ओळींत पळून जातो हो.

सुमाक्का: सगळ्या नको. भेट आणलेल्या १२ जणांनाच. रोज तीन, चार दिवसांत संपल्या. ओळ तू लिही, त्यानं खाली नाव घालायचं. पण ओळ प्रत्येकाची वेगळी. "भेट आवडली" नको. "तुझ्या निळ्या बसमधून माझं माकड शाळेला जातंय", असं. पोराला कळतं, आपलीच बस आठवली.

बी-१०१ वैनी: बस आम्हीच दिली होती. 😊

रोहनची मम्मी: हो वैनी, कळलं सगळ्यांना.

नाईक काका: स्टेपलर. मी परत सांगतोय.

चिन्नूची मम्मी: काका, ऐकलं हो. पुढच्या वर्षी रिबीन. रोहनची मम्मी, रोहनसाठी वेगळी लिहिली. चिन्नूनं सांगितली तशीच, खाली नावही त्यानंच घातलंय. आत्ता खाली पाठवते.

रोहनची मम्मी: आली. सगळ्यांसाठी वाचते, "रोहन, तू आलास म्हणून मी केक कापताना रडलो नाही. चिन्नू." च उलटा काढलाय.

कुलकर्णी आजोबा: रडणार होता होय?

चिन्नूची मम्मी: फुगा फुटला की वो, कानाजवळ. रोहननं हात धरला होता.

सेक्रेटरी अण्णा: पाणी उद्या ६ ते ७. आठ नाही.

नाईक काका: 👍 आणि पिना उचलून घ्या, जिन्यात पडल्यात.