बंद गाडीत लेकरू किंवा कुत्रं: तुमचे अनुभव सांगा

मीनल_वाशी: आज सेक्टर १७ ला बंद गाडीत एक पग धापा टाकताना दिसला आणि जांभळी नाक्यावरची जुनी दुपार आठवली. ऑक्टोबर हीट, दिवाळीची गर्दी. आई-बाबा कंदील घ्यायला उतरलेले. बाळ मागे झोपलेलं म्हणून एसी चालू ठेवून दारं लॉक. बाळ रडून रडून गप्प झालं, तर लोक म्हणे 'झोपलं परत'. तोंड लालबुंद, मान कललेली! शेवटी फळवाल्याने तराजूतलं दोन किलोचं वजन घालून काच फोडली. तुम्ही पाहिलंय असं काही?

विकास ऐरोली: एसी चालू होता ना, मग? आणि काच दोन बोटं खाली ठेवली की हवा खेळती राहते. आमचा टॉमी मस्त बसतो.

गॅरेजवाला: एसीचं नाव काढू नका. उभ्या गाडीत रेडिएटरचा पंखा नीट चालला नाही की कॉम्प्रेसर कट होतो. इंजिन चालू, ब्लोअर चालू, पण येते गरम हवा. बाहेरून कोणाला कळणार?

सुमाकाकू: बाळ वाचलं का गं??

डॉ_प्राची: विकासदादा, फटीने काही होत नाही. ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड नि सीट तापतात, आणि तेच आतली हवा तापवत राहतात. अमेरिकेत २००५ मध्ये मोजून पाहिलंय: तासाभरात साधारण २२ अंश वाढ, त्यातली ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासात. काच थोडी उघडी असली तरी फारसा फरक नाही. म्हणजे बाहेर ३३ असेल तर अर्ध्या तासात आत पन्नाशी. लहान मुलाचं अंग मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. कुत्र्याला धापेशिवाय दुसरा मोठा उपाय नाही, आणि आपल्या दमट हवेत धाप टाकून लाळ सुकतच नाही. पगचं नाक तर आधीच चपटं. चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या दिसल्या की साधं पाणी अंगावर ओता, वारा घाला नि तसंच डॉक्टरकडे न्या.

विकास ऐरोली: टॉमी लॅब्रेडॉर आहे, पग नाही.

डॉ_प्राची: त्यालाही हेच लागू आहे दादा.

मीनल_वाशी: काकू, ओलं फडकं गुंडाळून रिक्षाने नेलं. पुढचं नाही कळलं.

गॅरेजवाला: फोडायचीच वेळ आली तर पुढची काच नको, तिला नुसतं जाळं पडतं. लेकरापासून लांबच्या दाराची घ्या, खालच्या कोपऱ्यात मारा. एकाला ११२ लावायला सांगा.

नितीन_घोडबंदर: आणि मालकाने काचेचे पैसे मागितले तर? सोसायटीत यावरून भांडण झालंय आमच्याकडे.

सुमाकाकू: मागू देत मेल्याला.

श्वेता: जांभळी नाक्याला गाडी लावायला जागा मिळाली त्यांना?? कुठे??

नितीन_घोडबंदर: तलावपाळीला बघ, सकाळी नऊच्या आत.