मदत हवी आहे: डोळ्यांच्या थेंबांपुढे लिहिलेला OD कसा उलगडायचा?

टिपणवही
नमस्कार मंडळी. डॉक्टरांनी घाईत लिहिलेल्या नोट्स नीटनेटक्या करून देण्याचं काम मी करते. लघुरूपं पूर्ण लिहायची, सगळीकडे एकसारखी ठेवायची, पण अर्थ तसूभरही हलता कामा नये. नेत्रविभागाच्या नोटमधल्या या ओळींवर अडले आहे:

```
k/c/o HTN. c/o blurring x 3/52
? glaucoma
T. Amlodipine 5 OD
e/d Latanoprost OD HS
```

गोळीपुढचा OD म्हणजे दिवसातून एकदा, यात वाद नाही. प्रश्न शेवटच्या ओळीचा आहे. ‘उजव्या डोळ्यात, झोपताना’ असंही वाचता येतं आणि ‘रोज एकदा, झोपताना’ असंही. हे औषध रात्री एकदाच घालतात, त्यामुळे दोन्ही वाचनं खटकत नाहीत. आमच्या यादीत OD चा एकच अर्थ आहे, दिवसातून एकदा. तो लावला तर कोणता डोळा ही माहितीच कदाचित पुसली जाईल. काय करावं?

सरळरेघ
विभागवार यादी करा, प्रश्न मिटला. नेत्रविभागात OD उजवा डोळा, OS डावा, OU दोन्ही. बाकी विभागांत OD म्हणजे दिवसातून एकदा.

टिपणवही
पण गोळीची ओळही याच नेत्रविभागाच्या नोटमध्ये आहे ना. तिथे तुमची यादी उजवा डोळा म्हणेल.

सरळरेघ
बरोबर, ते सुटलं माझ्याकडून. मग गोळी की थेंब, तेही बघावं लागेल.

आभाळमाया
माझ्या सासऱ्यांच्या चिठ्ठीवर एका गोळीपुढे SOS लिहिलंय. म्हणजे तातडीची का? रोज द्यायची का?

औषधखोली
आभाळमायाताई, SOS म्हणजे गरज पडली तरच. पण कशासाठी आणि दिवसात जास्तीत जास्त किती, हे डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्याला विचारूनच द्या.

टिपणवही, मी रुग्णालयाच्या औषध विभागात आहे. गोळी की थेंब हे पाहूनही तुमची शेवटची ओळ सुटत नाही, कारण थेंबही रोज एकदा असू शकतात. आधी त्याच डॉक्टरांची बाकीची नोट बघा. तपासणीत त्यांनी डोळे RE आणि LE असे लिहिले असतील तर OD म्हणजे रोज एकदा असण्याकडे कल जातो. OS किंवा OU कुठे सापडलं तर उजव्या डोळ्याकडे. पण हा नुसता कल झाला. काही डॉक्टर दोन्ही पद्धती मिसळतात.

एक मोह मात्र टाळा. उजव्या डोळ्याचा दाब 28 आणि डाव्याचा 15 दिसला, की ‘उजवाच असणार’ असं वाटतं. डॉक्टरांना दोन्ही डोळ्यांत थेंब हवे असतील तर? निष्कर्षांवरून उपचार ठरवणं हे आपलं काम नाही. म्हणून मूळ OD तसाच ठेवा, त्यावर खूण करा आणि विचारा. विचारताना ‘उजवा डोळा ना?’ असं लिहू नका, घाईत ‘हो’ येतं. ‘थेंब कोणत्या डोळ्यात आणि दिवसातून किती वेळा?’ असं विचारा.

अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनच्या वर्ज्य लघुरूपांच्या यादीत QD आणि U आहेत, OD नाही. यादीत नाही म्हणजे निर्धोक, असं समजू नका. OD चा अर्थ उजवा डोळा असा घेतला जाऊन तोंडाने घ्यायचं पातळ औषध डोळ्यात घातलं जाण्याचा धोका औषधसुरक्षेच्या क्षेत्रात माहीत आहे.

सरळरेघ
आणि Amlodipine 5 पुढे मिलिग्रॅम घालायचं ना? ते तर उघड आहे.

औषधखोली
उघड आहे, तरी तो विस्तार नाही, भर आहे. मूळ नोटमध्ये एकक नाही. त्याच शंकेत हेही विचारून घ्या. 3/52 चं मात्र ‘तीन आठवडे’ बेधडक करा, छेदात 52 असला की आठवडे.

रात्रपाळी
मी डॉक्टर आहे. माझी एक कळकळीची विनंती, प्रश्नचिन्ह गाळू नका. `? glaucoma` चं नुसतं ‘ग्लॉकोमा’ झालं, की पुढच्या भेटीत कोणीतरी k/c/o, म्हणजे आधीच निदान झालेला, असं लिहितो आणि शंका असलेला माणूस कायमचा रुग्ण होतो. मी स्वतः ‘शक्यता’ असं लिहिलेलं पसंत करतो.

औषधखोली
इथे माझं मत थोडं वेगळं आहे. ‘शक्यता’ आणि ‘दाट संशय’ यांत फरक आहे, आणि चिन्ह लिहिणाऱ्याच्या मनात कोणता होता हे आपल्याला कळत नाही. मी चिन्हच ठेवते.

रात्रपाळी
वाचणाऱ्याला चिन्ह टंकनातली चूक वाटू शकतं, ही माझी अडचण. तुमच्या विभागाने एकदा ठरवून लेखी ठेवावं, एवढंच म्हणेन.

टिपणवही
सगळ्यांचे आभार. यादीत OD पुढे आता ‘आपोआप बदलू नये’ असा शेरा टाकते आणि डोळा, वेळा, एकक असे तिन्ही प्रश्न एकत्र पाठवते. एक शंका उरते. जुन्या नोट्समध्ये लिहिणारे डॉक्टरच आता तिथे नसतील तर?

औषधखोली
तिथे OD कायमचा OD च राहू द्या, खुणेसकट. सध्या उपचार करणारे डॉक्टर रुग्णाला विचारून नवी नोंद करतील, पण जुन्या ओळीला हात लावू नका.

रात्रपाळी
जुन्या नोंदीत खूण करायचा अधिकार तरी आपल्याला आहे का, हे आधी नोंद विभागाला विचारा. आमच्याकडे तेवढंही चालत नाही, वेगळं पान जोडावं लागतं.